ट्रेडमार्कच्या तपासणी अहवालाचं मराठी भाषांतर हातात आलं आहे: मुदत कशी मोजायची आणि आक्षेप कसे वाचायचे

ट्रेडमार्कच्या अर्जावर सरकारी तपासनीस जो एक्झामिनेशन रिपोर्ट काढतो, तो इंग्रजीत असतो. घरातलं कुणीतरी तो मोबाइलवर टाकून मराठी करून देतं आणि पहिल्याच पानावर वाचायला मिळतं, "आपला अर्ज नाकारण्यात येत आहे." पुष्कळ छोटे व्यावसायिक तिथेच थांबतात. लेबलं बदलायला निघतात किंवा आता काही होणार नाही असं धरून कागद कपाटात ठेवून देतात. मूळ रिपोर्टात मात्र बहुतेक वेळा "लायबल टू बी रिफ्यूज्ड" असे शब्द असतात. त्यांचा अर्थ इतकाच की आक्षेपांचं समाधान झालं नाही तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. निर्णय अजून झालेला नसतो. तुमचं म्हणणं मागवलेलं असतं आणि त्यासाठी मुदत दिलेली असते.

या लेखात मी एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत घेऊन चालणार आहे. समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एक ताई कांदा-लसूण मसाला करून विकतात. ब्रँडचं नाव "कोल्हापुरी ठसका". अर्ज जून २०२४ मध्ये, वर्ग ३० मध्ये, मसाले, चटण्या आणि पापड यांच्यासाठी केला. वापर १ एप्रिल २०१९ पासून असल्याचं अर्जात लिहिलं. रिपोर्टात तीन गोष्टी आल्या: ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९(१)(ब)चा आक्षेप, कलम ११चा आक्षेप आणि वापराचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं नाही अशी त्रुटी. छोट्या खाद्यव्यवसायांच्या रिपोर्टात हे त्रिकूट नेहमी दिसतं, म्हणून तेच घेतलं.

आधी मूळ इंग्रजी रिपोर्ट समोर ठेवा

भाषांतर समजून घेण्यासाठी चांगलं आहे, पण कायद्याच्या दृष्टीने मूळ इंग्रजी कागदच खरा. तो हाताशी नसेल तर ipindia.gov.in वरून ट्रेडमार्कच्या स्टेटस पानावर जा आणि अर्ज क्रमांक टाका. अर्जाची सगळी माहिती उघडते. वर स्थिती लिहिलेली असते. रिपोर्ट निघाल्यावर ती साधारणपणे Objected अशी दिसते. खाली कागदपत्रांची आणि पत्रव्यवहाराची बटणं असतात. तिथे रिपोर्टची प्रत आणि तो कधी रवाना झाला याची नोंद मिळते.

इथे एक फरक पक्का करून घ्या. Objected म्हणजे सरकारी तपासनीसाचा आक्षेप. Opposed म्हणजे अर्ज कार्यालयाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने घेतलेली हरकत. मोबाइलवरचं भाषांतर दोन्हींना "विरोध" करून टाकतं. मग ताईंना वाटतं की आपल्याविरुद्ध कुणीतरी केस केली. दोन्हींची प्रक्रिया वेगळी, मुदत वेगळी, खर्चही वेगळा. तुमच्या स्थितीत Objected असेल तर समोर कुणी प्रतिस्पर्धी उभा नाही. फक्त कार्यालयाला उत्तर द्यायचं आहे.

मुदत मोजणं

रिपोर्टच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की रिपोर्ट मिळाल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन उत्तर द्यावं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं मानलं जाईल. ट्रेडमार्क नियम, २०१७ मधल्या नियम ३३ मध्ये मात्र "एक महिना" असा शब्द आहे. बहुतेक वेळा दोन्हींत एखाद्या दिवसाचा फरक पडतो आणि त्याकडे कुणी बघत नाही. फेब्रुवारीत मात्र हा फरक उलटा पडतो.

ताईंचंच उदाहरण घ्या. रिपोर्टवर छापलेली तारीख ७ फेब्रुवारी २०२५. ईमेल आला १० फेब्रुवारीला. ज्या दिवशी मिळाला तो दिवस सोडून मोजायचं. ३० दिवस मोजले तर शेवटची तारीख १२ मार्च येते. कॅलेंडरचा महिना धरला तर ती १० मार्च येते. दोन तारखा निघत असतील तर अलीकडची धरा, म्हणजे १० मार्च. एक-दोन दिवसांसाठी पुढे वाद घालत बसण्यात काहीच शहाणपण नाही.

आता "मिळाला" म्हणजे कधी? इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नियमांनुसार ईमेलने पाठवलेलं पत्र, तो ईमेल पाठवला त्या वेळीच पोचलं असं धरलं जातं. तुम्ही तो कधी उघडला, कधी मराठी करून घेतला, कधी वाचला याच्याशी मुदतीचा संबंध नाही. ताईंच्या पुतण्याने भाषांतर २० फेब्रुवारीला करून दिलं असेल तर तेव्हा दहा दिवस आधीच गेलेले आहेत. भाषांतराच्या कागदावर जी तारीख आपोआप छापली गेली आहे, तिच्यापासून मोजायला सुरुवात करू नका.

दुसरी अडचण एजंटच्या ईमेलची. अर्ज एजंट किंवा वकिलामार्फत केला असेल तर रिपोर्ट त्यांच्या ईमेलवर जातो आणि मुदत तिथूनच सुरू होते. एजंटने तुम्हाला पंधरा दिवसांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला तर उरलेल्या पंधरा दिवसांतच काम करावं लागतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "मूळ ईमेल कोणत्या तारखेला आला? तोच ईमेल मला फॉरवर्ड करा." स्क्रीनशॉटवर भागवू नका. फॉरवर्ड केलेल्या ईमेलमध्ये मूळ तारीख आणि वेळ दिसते.

ईमेल सापडतच नसेल तर स्पॅम फोल्डर बघा. नंतर स्टेटस पानावरची रवानगीची तारीख बघा आणि तीच मिळाल्याची तारीख धरून चला. ईमेल खरोखर आलाच नव्हता असा मुद्दा नंतर मांडता येतो, पण तो भांडणाचा मुद्दा आहे. मुदत मोजताना त्याचा आधार घेऊ नका.

मुदतवाढ मागता येते का? TM-M फॉर्मवर शुल्क भरून नियम १०९ खाली मागता येते, पण ती देणं रजिस्ट्रारच्या मर्जीवर आहे. "अर्ज टाकून ठेवू, मिळेलच" असं कुणी सांगितलं तर मानू नका. पूर्ण पुरावा जमला नसेल तरी मुदतीच्या आत उत्तर जायलाच हवं. आणखी पुरावा सादर करू देण्याची विनंती त्याच उत्तरात करता येते, आणि पुढे सुनावणीतही कागद दाखवता येतात. अर्धं उत्तर गेलं तर अर्ज जिवंत राहतो. उत्तरच गेलं नाही तर स्थितीत Abandoned असं दिसायला लागतं आणि तिथून परत येण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. मार्च २०१६ मध्ये ट्रेडमार्क कार्यालयाने फार मोठ्या संख्येने अर्ज एकदम "सोडून दिलेले" ठरवले होते आणि दिल्ली उच्च न्यायालयाला एप्रिलमध्ये त्यात हस्तक्षेप करावा लागला होता. त्या वेळी ज्यांनी आपलं उत्तर वेळेत दाखल केल्याची पोचपावती जपली होती, त्यांच्या हातात निदान दाखवायला काहीतरी होतं.

ताईंनी वहीत दोन तारखा लिहाव्यात: शेवटची १० मार्च आणि आपली ३ मार्च. सर्व्हर अडकणं, डिजिटल सहीची मुदत संपलेली असणं, नोटरी न भेटणं हे सगळं त्या मधल्या आठवड्यात सोडवता येतं.

कलम ९: नाव वर्णन करतं असा आक्षेप

कलम ९(१)(ब)ची इंग्रजी भाषा ठरलेली असते आणि तिचं भाषांतर हमखास बोजड होतं. साध्या मराठीत तिचा अर्थ असा: हे नाव मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग, किंमत, तो कुठला आहे किंवा कधी तयार झाला, एवढंच सांगतं. असे शब्द धंद्यात सगळ्यांना लागतात, ते एकट्याला देता येत नाहीत. मसाल्याला "कोल्हापुरी" म्हणणं हा कोल्हापूरच्या प्रत्येक मसालेवाल्याचा हक्क आहे. हा आक्षेप योग्यच आहे आणि त्याच्याशी भांडायचं नाही.

उत्तर "केवळ" या शब्दावर उभं राहतं. कलम म्हणतं की मार्क केवळ अशाच शब्दांचा बनलेला असेल तर नोंदणी नाही. तेव्हा बघायचं हे की तुमच्या मार्कात वर्णन न करणारं काही आहे का. ताईंच्या मार्कात "ठसका" आहे. ठसका ही मसाल्याची जात नाही आणि त्याचा दर्जाही नाही. फोडणीत मिरची जळली की घशाला बसतो तो ठसका. शिवाय माणसाच्या रुबाबालाही आपण ठसका म्हणतो. मसाल्यापर्यंत पोचायला ग्राहकाला डोक्यात एक उडी मारावी लागते. अशा शब्दांना सूचक म्हणतात आणि त्यांची नोंदणी होऊ शकते. ताईंच्या उत्तरातला मुख्य मुद्दा हा: मार्क अखंड बघावा, त्यातला "कोल्हापुरी" हा शब्द एकट्याने आमच्या मालकीचा आहे असा आमचा दावा नाही, आणि तशी अट घालायला आमची हरकत नाही. कलम १७ नुसार तसंही संपूर्ण मार्कवर हक्क मिळतो, त्यातल्या सगळ्यांच्या वापरातल्या तुकड्यावर वेगळा हक्क मिळत नाही. ही अट मान्य करताना ताईंचं काहीच जात नाही.

इथे एक बारीक गोष्ट तपासा. अर्ज भरताना तुमच्या शब्दाचा इंग्रजी अर्थ लिहिलेला असू शकतो. भरणाऱ्याने घाईत "ठसका म्हणजे तिखट" असं लिहून ठेवलं असेल तर तपासनीसाने तेच वाचून आक्षेप घेतला असणार. मग उत्तरात शब्दाचा खरा अर्थ, त्याचे दोन्ही वापर आणि मराठी शब्दकोशातल्या पानाची प्रत द्या. मराठी न जाणणारा तपासनीस तुम्ही दिलेल्या अर्थावरच विसंबून राहतो.

दुसरा मार्ग पुराव्याचा आहे. कलम ९च्या परंतुकानुसार, वर्णनात्मक नावही दीर्घ वापराने तुमच्याच मालाची ओळख बनलं असेल तर नोंदणी होऊ शकते. पण ती ओळख अर्जाच्या तारखेपूर्वी झालेली असायला हवी. म्हणून ताईंना एप्रिल २०१९ ते जून २०२४ या काळातले कागद लागतील. त्यानंतरची बिलं या मुद्द्यासाठी कामाची नाहीत. ज्यांनी अर्जात "वापर प्रस्तावित", म्हणजे नाव अजून वापरात आलेलं नाही, असं लिहिलं आहे त्यांना हा रस्ता बंदच आहे, त्यांनी फक्त सूचक असण्याच्या मुद्द्यावर भर द्यावा.

छोट्या व्यवसायाचा पुरावा इथेच लंगडा पडतो. कोल्हापूरकडे मसाल्याला चटणीच म्हणतात, म्हणून किराणा दुकानाला दिलेल्या बिलावर लिहिलेलं असतं, "चटणी १० कि." ब्रँडचं नाव कुठेच नसतं. असं बिल विक्री दाखवतं, मार्कचा वापर दाखवत नाही. मग नाव दाखवणारे कागद दुसरीकडे शोधायचे. लेबलं छापून दिली त्या छापखान्याचं बिल सगळ्यात उपयोगी, कारण त्यावर तारीख असते आणि बहुधा लेबलाचं नावही असतं. शिवाय त्या वेळचं लेबल जोडता येतं. अन्नपरवान्याचे कागद, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती आणि फलकाचा फोटो, जुन्या जाहिराती, सोशल मीडियावरच्या तारीख दिसणाऱ्या पोस्ट, वर्षनिहाय विक्रीचा सीएने प्रमाणित केलेला आकडा, हे सगळं चालतं. पाच वर्षांची शंभर बिलं कोंबण्यापेक्षा प्रत्येक वर्षाचे दोन-तीन नीट वाचता येणारे कागद द्या, आणि प्रत्येकावर नाव कुठे दिसतं ते खूण करून दाखवा. मराठीतल्या कागदासोबत इंग्रजी भाषांतर जोडा, कारण कार्यालयाचं कामकाज हिंदी आणि इंग्रजीतच चालतं. उत्तरही त्याच दोन भाषांपैकी एकीत द्यावं लागतं.

कलम ११: आधीपासून असलेले मार्क

कलम ११चा आक्षेप म्हणजे तुमच्या मार्कसारखा मार्क, तशाच मालासाठी, आधी कुणीतरी मागितला किंवा नोंदवला आहे आणि ग्राहकाची गफलत होऊ शकते. सोबत अशा मार्कांची यादी असते. भाषांतर करताना ही यादी बहुतेक वेळा गळते किंवा तिचा तक्ता मोडून जातो, त्यामुळे ताईंच्या हातातल्या मराठी कागदात "समान मार्क अभिलेखावर आहेत, तपशील सोबत" एवढंच उरतं. तो सोबतचा तपशीलच खरा आक्षेप आहे. मूळ रिपोर्ट उघडून यादी काढा.

समजा ताईंच्या यादीत तीन मार्क आहेत. पहिला "ठसकेबाज", वर्ग ३०, मसाले. दुसरा "टास्का", वर्ग ३०, बिस्किटं. तिसरा "ठसका", वर्ग ३०, मसाले आणि लोणच्यांचा मसाला. एकच मोघम परिच्छेद लिहून तिन्हींना उडवता येत नाही. प्रत्येकाचा अर्ज क्रमांक स्टेटस पानावर टाकून चार गोष्टी लिहून घ्या: आजची स्थिती, अर्जाची तारीख, वापराची तारीख आणि मालाचं नेमकं वर्णन.

"ठसकेबाज" उघडल्यावर त्याची स्थिती Abandoned दिसली. म्हणजे तो अर्ज आज अस्तित्वात नाही आणि त्याचा अडथळा संपला. त्या पानाची तारखेसह प्रत काढा आणि उत्तराला जोडा. स्थिती Removed असेल तर मात्र घाई करू नका. नूतनीकरण न केल्यामुळे काढलेला मार्क, काढल्याच्या तारखेपासून एक वर्ष कलम २६ नुसार अजून रजिस्टरवर असल्यासारखाच धरला जातो. याला अपवाद आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. म्हणून मार्क रजिस्टरवरून कधी काढला ती तारीख बघा.

"टास्का" नोंदलेला आहे, पण बिस्किटांसाठी. दोन्ही एकाच वर्गात असले तरी वर्ग एक म्हणजे माल एक असं होत नाही. वर्ग ही कार्यालयाच्या सोयीची विभागणी आहे. मसाला आणि बिस्किटं यांचा उपयोग वेगळा, दुकानातली फळी वेगळी, घेणाऱ्याची अपेक्षा वेगळी. नावाचा उच्चार, अर्थ आणि लेबलही वेगळं. हे मुद्दे दोन-तीन वाक्यांत पुरेसे मांडता येतात.

"ठसका" हा खरा प्रश्न आहे, आणि तिथे मनाला दिलासा मिळेल असं काही सांगून उपयोग नाही. नावाचा जिवंत भाग तोच, माल तोच, नोंदणी चालू. "कोल्हापुरी" पुढे जोडल्याने फरक पडतो असं म्हणायला ताईंकडे जागा नाही, कारण तो शब्द वर्णनात्मक आहे हे त्यांनी आत्ताच कलम ९च्या उत्तरात मान्य केलं. हाच सापळा आहे: कलम ९साठी तुम्ही ज्या शब्दावर भार देता, तोच कलम ११मध्ये दुसऱ्याच्या मार्कशी जुळतो. दोन्ही उत्तरं एकत्र वाचून बघितल्याशिवाय दाखल करू नका.

अशा वेळी उरलेले मार्ग मोजके आहेत. त्यातला पहिला तारखेचा. समोरच्या मार्कचा अर्ज तुमच्या नंतरचा असेल तर तो "आधीचा मार्क" ठरतच नाही. तो आधीचा असेल तर वापराच्या तारखा बघा. समजा समोरच्याचा अर्ज २०२१चा आहे आणि "वापर प्रस्तावित" असा आहे. ताईंचा वापर २०१९ पासूनचा, तोही कागदावर सिद्ध होणारा. मग कलम १२चा प्रामाणिक समांतर वापराचा मुद्दा मांडता येतो. आपण नाव उचललं नाही, दोघंही आपापल्या भागात स्वतंत्रपणे ते वापरत आलो, आणि विशेष परिस्थिती म्हणून दोन्हींची नोंदणी व्हावी, असा तो मुद्दा आहे. छापखान्याचं ते जुनं बिल इथे दुसऱ्यांदा कामी येतं. दुसरा मार्ग संमतीचा: समोरच्या मालकाने लेखी संमती दिली तर कलम ११(४) खाली रजिस्ट्रार नोंदणी करू शकतो. ओळख निघाली किंवा धंद्याचा भाग वेगळा असेल तर हे घडतं, पण पत्र लिहिण्यापूर्वी वकिलाशी बोला. तुमच्या पत्रामुळेच समोरच्याला तुमच्या वापराचा पत्ता लागतो. तिसरा मार्ग माल कमी करण्याचा: समोरच्याचा मार्क फक्त मसाल्यांसाठी असेल आणि तुमचा मुख्य माल पापड असेल, तर TM-M वर मसाला वगळता येतो. अर्जात नसलेला माल मात्र नंतर घालता येत नाही. ताईंचा तर मुख्य मालच मसाला आहे, म्हणून हा रस्ता त्यांच्यासाठी नाही.

यातलं काहीच बसत नसेल तर नाव बदलून नवा अर्ज करणं स्वस्त पडतं. स्वतःच्या नावाने किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. नोंदलेला मार्क दुसऱ्याचा असताना लेबलं छापत राहिलात तर उद्या त्याची नोटीस येऊ शकते, आणि तो खर्च याच्या कितीतरी पट असतो.

उत्तर लिहिताना एक सावधगिरी फार कमी जण घेतात. तुमचं उत्तर स्टेटस पानावर सगळ्यांना दिसतं आणि ते कायम राहतं. "टास्का आणि ठसका यांत काहीच साम्य नाही, ग्राहक कधीच फसणार नाही" असं आज ठोकून लिहिलंत, आणि तीन वर्षांनी कुणी "टासका" नावाने मसाला काढला, तर तो तुमचंच उत्तर न्यायालयात दाखवेल. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२३ मध्ये केईआय इंडस्ट्रीजच्या प्रकरणात हेच सांगितलं: नोंदणी मिळवताना कार्यालयासमोर एक भूमिका घेतली की नंतर न्यायालयात तिच्या उलट भूमिका घेऊन दिलासा मागता येत नाही. म्हणून "टास्का"बद्दल ताईंनी मालाच्या फरकावर भर द्यावा आणि उच्चारातल्या फरकाबद्दल गरजेपेक्षा जास्त शब्द खर्च करू नयेत. तुमच्या एजंटने सगळ्या ग्राहकांना चालणारं छापील उत्तर पाठवलं असेल तर त्यात अशी वाक्यं हमखास असतात. सही करण्याआधी ते उत्तर मराठीत समजून घ्या.

राहिलेल्या त्रुटी

वापर अर्जाच्या आधीपासून आहे असं म्हटलं की नियम २५ नुसार त्याचं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. ताईंच्या अर्जात ते राहिलं होतं. प्रतिज्ञापत्रात वापराची तारीख अर्जातल्या तारखेशी तंतोतंत जुळली पाहिजे. अर्जात १ एप्रिल २०१९ आणि सगळ्यात जुनं बिल जुलै २०१९चं असेल तर ओढूनताणून एप्रिलचं बिल तयार करू नका. आधीच्या महिन्यांत घरगुती विक्री होती, तिची बिलं नाहीत, असं खरं असेल तर तसंच लिहा. खोटं बिल पकडलं गेलं की मागची पाच वर्षांची खरी बिलंही संशयात जातात. बाकी पत्ता, मालाचं वर्णन, वकीलपत्र अशा त्रुटी असतील तर त्या सुधारण्याचे फॉर्म वेगळे असतात. त्या त्याच उत्तरात नुसत्या मान्य करून भागत नाही, दुरुस्ती दाखल करावी लागते.

उत्तर दाखल करणं आणि नंतर

उत्तर ट्रेडमार्कच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर दाखल होतं आणि त्यासाठी शुल्क नाही. कुणी "सरकारी फी" म्हणून उत्तराचे पैसे मागत असेल तर विचारा. ते त्याचं स्वतःचं मानधन असेल तर तसं बिल घ्या. ताई स्वतः उत्तर देऊ शकतात, फक्त डिजिटल सही लागते. कलम ९ एकटं असेल तर नीट लिहिता येणाऱ्या माणसाने स्वतः उत्तर द्यायला हरकत नाही. कलम ११मध्ये "ठसका"सारखा जिवंत, नोंदलेला मार्क असेल तर मात्र वकिलावर पैसे खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उत्तराची मांडणी रिपोर्टच्या क्रमानेच ठेवा: अर्ज क्रमांक, रिपोर्टची तारीख, तो ईमेलने मिळाल्याची तारीख, मग एकेक आक्षेप आणि त्याखाली त्याचं उत्तर आणि जोडलेल्या कागदाचा क्रमांक. शेवटी एक वाक्य नक्की घाला: आक्षेप कायम राहणार असतील तर निर्णयापूर्वी सुनावणीची संधी द्यावी. दाखल झाल्यावर पोचपावती उतरवून घ्या आणि दोन-तीन दिवसांनी स्टेटस पानावर उत्तर दिसतं का ते बघा. पोचपावती आली पण फाइल कोरी गेली, असंही होतं. उघडून वाचा.

यानंतर दोनपैकी एक होतं. उत्तर पटलं तर अर्ज स्वीकारून जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, आणि तिथून चार महिने इतरांना हरकत घेता येते. उत्तर पुरेसं वाटलं नाही तर सुनावणीची नोटीस येते. तीही ईमेलनेच येते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने होते. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे असले तरी त्यासाठी अँटॉप हिलला जावं लागत नाही. नोटिशीची तारीख कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून आठवड्यातून एकदा अर्ज क्रमांक टाकून स्थिती बघत जा. एजंट बघेल असं धरून चालू नका. सुनावणीला कुणीच हजर राहिलं नाही तर अर्ज नाकारला जातो किंवा सोडून दिला असं ठरतं. सुनावणीनंतरही अर्ज नाकारला गेला तर आदेशाच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत TM-M वर फेरविचार मागता येतो किंवा आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येतं. त्या मुदतीही आदेशाचं भाषांतर झालं त्या दिवसापासून मोजायच्या नाहीत.